घमेल्यातलं खाचर

'तुंबाड' मी थिएटरमध्ये दोनदा पाहिला. पहिल्यांदा २०१८ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, हॉस्टेलच्या सात-आठ पोरांबरोबर. दुसऱ्यांदा सप्टेंबर २०२४ मध्ये, तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा, ऑफिस सुटल्यावर एकटाच गेलो. पहिल्या वेळी हस्तरची भीती वाटली होती. दुसऱ्या वेळी पडद्यावर हस्तर होता आणि माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं: हा हाताचा क्लोजअप त्याच दिवशी घेतला असेल की नंतर? या दोन शॉट्समध्ये किती महिने गेले असतील?

मधल्या काळात मी स्वतः एक शॉर्ट फिल्म केली होती, हे त्याचं कारण. ती आमच्या नवलाख उंबऱ्यात केली, तळेगावच्या एमआयडीसीपासून जवळ, तात्यांच्या भाताच्या खाचरात. तात्या म्हणजे माझे चुलते. त्या फिल्मने मला एक गोष्ट शिकवली आणि 'तुंबाड' दुसऱ्यांदा बघताना तीच डोक्यात घोळत होती. सिनेमाची खरी समीक्षा कधी कधी प्रदर्शनाच्या आधीच होते. ती लिहिली जाते एका यादीच्या रूपात, आणि त्या यादीला पिकअपची यादी म्हणतात.

दोन शब्द आधी स्पष्ट करतो. एक सीन किती कोनांतून, किती जवळून-लांबून शूट करून ठेवला आहे, त्याला कव्हरेज म्हणतात. शूटिंग संपून एडिट सुरू झालं की लक्षात येतं, एखाद्या ठिकाणी शॉटच नाही, किंवा आहे पण उपयोगाचा नाही. मग ती भोकं बुजवण्यासाठी नंतर जाऊन घेतलेले छोटे शॉट म्हणजे पिकअप. पूर्ण सीनच नव्याने करावा लागला तर ते रीशूट. पिकअप आणि रीशूट यांच्यात फरक फक्त खर्चाचा आहे, असं मला वाटायचं. तसं नाही.

दोन टोकं

'तुंबाड'ची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. २००८ मध्ये ठरलेलं शूटिंग निर्मात्यांनी माघार घेतल्याने बारगळलं. २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालं. फुटेज एडिट करून पाहिल्यावर दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि विनायकची भूमिका करणारा, निर्माताही असलेला सोहम शाह यांना वाटलं की, सिनेमा जे करायला निघाला होता ते होत नाहीये. मग तो पुन्हा लिहिला गेला, पुन्हा शूट झाला आणि २०१५ मध्ये शूटिंग संपलं. विनायकसाठी वाढवलेलं वजन शाहने त्यासाठी कित्येक वर्षं टिकवून ठेवलं. ही हकीकत सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यातला एडिटच्या खोलीतला निर्णय जास्त मोठा वाटतो. समोर पूर्ण कापलेला सिनेमा आहे आणि तुम्ही म्हणता, 'चार शॉट घेऊन हे भागणार नाही.'

दुसऱ्या टोकाला स्पीलबर्गचा 'जॉज' आहे, १९७५चा. प्रेक्षकांना आधी दाखवून पाहिल्यावर स्पीलबर्गला वाटलं की, आणखी एक किंकाळी हवी. बुडालेल्या बोटीच्या भोकातून मेलेल्या कोळ्याचं मुंडकं अचानक पुढे येतं, तो शॉट त्यातून आला. स्टुडिओ पैसे द्यायला तयार नव्हता, म्हणून स्पीलबर्गने स्वतःच्या खिशातून सुमारे ३००० डॉलर घातले. शॉट घेतला एडिटर व्हर्ना फील्ड्सच्या घरच्या पोहण्याच्या तलावात. स्वच्छ पाणी समुद्रासारखं गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध मिसळलं. थिएटरमध्ये लोक सगळ्यात जास्त दचकले ते या शॉटला.

दोघांनीही एडिटमध्ये भोक पाहिलं. एकाला तलाव पुरला, दुसऱ्याला वर्षं लागली. आपल्यासमोरचं भोक कुठल्या जातीचं आहे हे ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. आम्ही तो आमच्या फिल्मवर चुकत चुकत सोडवला.

'पोरगा एवढा का चिडला?'

फिल्मचं नाव 'विसार'. एका बापाने जमिनीचा विसार घेतलाय, म्हणजे विक्रीचा बयाणा, पण घरात सांगितलेलं नाही. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आवणीच्या दिवसांत घरी येतो. पत्र्याच्या पेटीत त्याला विसार पावती सापडते. तो खाचराच्या बांधावर जाऊन बापाला विचारतो. स्क्रिप्ट सोळा पानांची, जुलै २०२३ मधले तीन दिवस, उसना मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स आणि चार माणसं. बापाची भूमिका तात्यांनी केली, मुलाची कॉलेजच्या एका मित्राने. एडिट करायला आमच्यातलीच एक मैत्रीण होती. यापुढे तिला एडिटर म्हणतो, कारण त्या काळात ती माझी मैत्रीण म्हणून वागतच नव्हती.

तिने जोडलेलं पहिलं रूप एकवीस मिनिटांचं झालं. मला ते बरं वाटलं. स्क्रिप्ट मीच लिहिलेली असल्याने पडद्यावर नसलेलंही मला दिसत होतं. तिने सांगितलं की, गोष्ट माहीत नसलेल्या चार माणसांना हे दाखव, आणि 'कसं वाटलं' असं विचारू नकोस. 'काय झालं ते सांगा' एवढंच विचार आणि ते चुकीचं सांगतील तिथली वेळ लिहून ठेव.

पहिली प्रेक्षक माझी आई. ती म्हणाली, "पोरगा आला, जेवला, आणि मग बापावर एवढा का चिडला रे? भात आवडला नाही का त्याला?"

पावतीचा सीन तिला दिसलाच नव्हता. म्हणजे तो होता. मुलगा पेटी उघडतो, कागद काढतो, वाचतो. पण संध्याकाळी उजेड जात होता म्हणून आम्ही तो सीन दारातून एकाच वाइड शॉटमध्ये उरकला होता. मोबाइलच्या स्क्रीनवर ती पावती नखाएवढी दिसते. आईला वाटलं, तो पेटीतून जुनी पत्रं काढून बघतोय. पुढचा अख्खा संघर्ष त्या कागदावर उभा होता आणि कागद कुणी वाचलेला नव्हता.

चार प्रेक्षकांनंतर आमच्याकडे अकरा भोकं जमली.

आधी आहे त्यात बघायचं

मी लगेच अकरा शॉटची यादी केली. एडिटरने ती बाजूला ठेवली. नवीन शॉट महाग असतो, त्याआधी हातातलं फुटेज पूर्ण खरवडून बघायचं, हा तिचा नियम. त्यात तीन-चार ठरलेल्या गोष्टी येतात.

'ॲक्शन' म्हणण्याआधीचे आणि 'कट' म्हटल्यानंतरचे सेकंद बघायचे. आमच्या एका भोकाला तिथेच शॉट मिळाला. शूटिंग सुरू व्हायच्या आधी तात्या खरोखरच कंटाळून ढगांकडे बघत होते. अभिनय करताना त्यांना तसं कधीच जमलं नसतं. मग आवाज बघायचा. माणूस पाठमोरा असेल तर त्याचं एखादं वाक्य नंतर मोबाइलवर रेकॉर्ड करूनही तिथे बसवता येतं, कारण ओठ दिसत नाहीत. आमच्या दोन भोकांचं काम अशा एकेका वाक्यावर भागलं. मग सरळ कापून बघायचं. काही भोकं शॉट कमी असल्यामुळे नसतात, जास्तीचा सीन मधे अडकल्यामुळे असतात. मुलाचा एसटीतून उतरण्याचा सीन काढल्यावर तीन प्रश्न आपोआप संपले.

अकरापैकी सहा भोकं कॅमेरा बाहेर न काढता बुजली. उरली पाच.

त्यांच्यासाठी एडिटरने टाइमलाइनवर काळे कार्ड टाकले. ज्या जागी शॉट हवा तिथे तेवढेच सेकंद काळी स्क्रीन आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात एक वाक्य. 'मुलगा वाचतो: पावतीवर बापाची सही आहे. चार सेकंद.' मग ही कार्ड असलेली फिल्म नव्या दोघांना दाखवली. मला हे तेव्हा फक्त जागा राखून ठेवणं वाटलं. या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हे कार्ड आहे, हे पुढे कळलं.

बांधावरचा सीन

सगळ्यात अवघड भोक बांधावरच्या सीनमध्ये होतं. तोच आमचा कळस, आणि तिथेच आमचं कव्हरेज सगळ्यात गरीब होतं.

दोघं एका फ्रेममध्ये असलेला तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा एक लांब टेक होता. त्यात मधेच तात्या वाक्य विसरतात, थांबतात, पुन्हा सुरू करतात. मुलाचा एकट्याचा शॉट होता. तात्यांचा एकट्याचा घ्यायच्या वेळी पाऊस एवढा वाढला की आम्ही पळालो आणि तो दुसऱ्या दिवशी घेतला. दुसऱ्या दिवशी बांधाच्या त्या बाजूला चिखल झाला होता, म्हणून कॅमेरा या बाजूला लावला. यात काय बिघडतंय हे आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही.

बिघडलं असं. दोन माणसं समोरासमोर बोलताना त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ असते. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला राहिला तर एक माणूस डावीकडे बघतो, दुसरा उजवीकडे, आणि ते एकमेकांकडे बघताहेत असं वाटतं. आम्ही रेघ ओलांडली होती. आता मुलगाही उजवीकडे बघत होता आणि बापही. बाप-लेक भांडताहेत असं न वाटता दोघं मिळून तिसऱ्याच कुणाची वाट बघताहेत असं दिसत होतं.

पहिला उपाय सुचतो तो शॉट आरशासारखा उलटवायचा. एडिटमध्ये ते एका क्लिकचं काम आहे. आम्ही उलटवला आणि तात्यांच्या सदऱ्याचा खिसा छातीच्या उजव्या बाजूला गेला, मागचा डोंगरही फिरला. बाहेरच्या माणसाला खिसा कदाचित दिसला नसता. पण लांब टेकमध्ये तोच खिसा, तोच डोंगर चार सेकंद आधी दिसलेला असतो.

दुसरा उपाय म्हणजे मधे असा एक शॉट टाकायचा ज्याला दिशाच नाही. थेट वरून घेतलेला, किंवा एखाद्या वस्तूचा. प्रेक्षकाच्या डोक्यातली रेघ तिथे पुसली जाते आणि पुढच्या शॉटला ती नव्याने आखता येते. कसला शॉट घ्यायचा यावर आमचं दोन दिवस भांडण झालं. मी म्हणत होतो बगळा घेऊ, खाचरात बगळे असतातच. एडिटर म्हणाली, "बगळा जोड लपवेल. पण बगळ्याला विसाराचं काय पडलंय?"

तेव्हा मला पिकअपचा अर्थ कळला. भोक झाकणारे शंभर शॉट सुचतील. त्यातला जो सीनबद्दल काही म्हणतो तो शोधायचा. शेवटी ठरलं ते असं: मुलगा विचारतो, "किती घेतले?" आणि आपल्याला वरून बापाचे चिखलातले हात दिसतात. रोप लावणारे हात थांबतात. तीन सेकंद. मग हात पुढचं रोप उचलतात. एवढ्यात तीन कामं होतात. तात्यांचं विसरलेलं वाक्य कापता येतं, रेघ पुसली जाते, आणि बापाने प्रश्न ऐकलाय पण तो उत्तर देणार नाही हे कळतं. हे तिसरं स्क्रिप्टमध्ये नव्हतंच. ते एडिटने लिहिलं.

यादीतली ही नोंद मी अजून मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे:

शॉट प-१, सीन ९
कुठे: 'किती घेतले?' नंतर, तात्यांच्या एकट्याच्या शॉटआधी
काय कळायला हवं: बापाने ऐकलं, तो थांबला, उत्तर देणार नाही
शॉट: थेट वरून, फक्त हात, चिखल, रोप, ३५ची लेन्स
उजेड: ढगाळ, सावली पडता कामा नये
जुळवायचं: बाह्या कोपरापर्यंत, डाव्या हातात रोपांची जुडी
लांबी: वापरायला ५ सेकंद, आधी-नंतर ५-५ सेकंद जास्त
आवाज: लागणार नाही, जुलैचा वापरायचा
नाही मिळाला तर: सीन चालत नाही

शेवटच्या ओळीवरून शॉटचा क्रम ठरतो. 'नाही मिळाला तर' पुढे 'चालेल' असं लिहावं लागलं, तर तो शॉट यादीच्या तळाला. लांबीच्या ओळीत जास्तीचे सेकंद असतात, कारण कट नेमका कुठे बसेल हे आधी माहीत नसतं. हात थांबलेल्या अवस्थेत शॉट सुरू केला तर थांबण्याचा क्षणच हरवतो. म्हणून कृती कटच्या आधीपासून सुरू करून कटच्या नंतरही चालू ठेवायची. जुळवण्यासाठी नोंदीबरोबर दोन फोटोही होते: ज्या फ्रेमनंतर हा शॉट येणार ती आणि ज्या फ्रेमआधी संपणार ती.

ऑक्टोबरातला जुलै

यादी तयार झाली तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. मी तात्यांना म्हणालो, "तात्या, आवणीचा एक शॉट परत घ्यायचाय. तुम्ही फक्त हात द्या."

"आरं, भात निसवलंय आता. आवणी कशात करू, तुझ्या टकुऱ्यावं?"

बरोबरच होतं. मावळात आवणी जुलैमध्ये. तेव्हा रोप वीतभर, खाचरात पाणी, पाण्यात राखाडी आभाळ. ऑक्टोबरात तेच इंद्रायणी कमरेएवढं उभं असतं, लोंब्या पिवळ्या पडायला लागलेल्या आणि वर कडक ऊन. नोकरी सांभाळून सिनेमा करणाऱ्यांची हीच अडचण असते. भोक कळेपर्यंत ऋतू निघून गेलेला असतो. शहरातल्या खोलीत दोन महिन्यांनी पुन्हा तीच खोली मिळते, शेतात मिळत नाही.

उपाय काकूने काढला. तिने एका घमेल्यात भात पेरला. तीनेक आठवड्यांत लावणीजोगं रोप आलं. मग घराच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, भिंतीची सावली असते तिथे आम्ही दोन मोठी घमेली चिखलाने भरून शेजारी-शेजारी ठेवली. वरून ३५च्या लेन्सने बघितलं तर कडा फ्रेमबाहेर जात होत्या. खाचराचा जेवढा भाग हवा होता तेवढा घमेल्यात मावला. 'जॉज'चा तलाव मला तेव्हा आठवला. पिकअपची यादी नीट केली तर कळतं की आपल्याला समुद्र नकोच असतो, फूट-दीड फूट पाणी हवं असतं.

तरी पहिला टेक खोटा दिसला. चिखलावरच्या पाण्यात निळं आभाळ आणि कौलांची कड दिसत होती. जुलैच्या शॉटमध्ये पाणी दुधट राखाडी होतं. आम्ही कॅमेऱ्याच्या जरा वर, दोन बांबूंना पांढरी चादर बांधली. उजेडही ढगाळ दिवसासारखा मऊ झाला आणि पाण्यात चादरीचंच प्रतिबिंब पडून तो पावसाळी रंग आला. बाकी जुळवणं सोपं होतं, कारण जुलैच्या फाइलींमध्ये लेन्स, सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर हे सगळं नोंदलेलं होतं. ते न बघता अंदाजाने शूट केलं तर हालचालीचा पोत बदलतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण हा शॉट दुसऱ्या फिल्ममधला आहे असं वाटत राहतं.

एडिटर लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली होती. प्रत्येक शॉट घेतला की तिथल्या तिथे टाइमलाइनमध्ये टाकून बघायचा, हा तिचा हट्ट. पावतीच्या क्लोजअपला तो उपयोगी पडला. मुलाची भूमिका करणारा मित्र तोवर बंगळुरूला गेला होता, म्हणून हात माझे होते. शॉट बसवल्यावर तिने विचारलं, "धागा कुठंय?" वाइड शॉटमध्ये त्याच्या मनगटावर लाल धागा होता. काकूच्या पूजेच्या ताटातून धागा आला आणि शॉट पुन्हा घेतला.

तरी एक चूक सुटलीच. पावती मी त्याच सकाळी नव्याने लिहिली होती आणि सवयीने त्या दिवसाची तारीख घातली होती. गोष्ट जुलैची आणि पावती ऑक्टोबरची! हे दोन आठवड्यांनी कळलं. शॉट तारखेवर बोट येतं तिथपासून सुरू करावा लागला. चारच्या जागी पावणेतीन सेकंद मिळाले. 'विसार' हा शब्द, रक्कम आणि सही एवढं वाचायला ते जेमतेम पुरतात. सगळं जुळवताना आम्ही हात बघितले, उजेड बघितला. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. आईच्या वेळचीच चूक आम्ही परत केली.

आवाजाचं मात्र नशीब चांगलं. जुलैमध्ये एडिटरने खाचरात कुणालाही बोलू न देता चाळीस सेकंद नुसता परिसर रेकॉर्ड करून घेतला होता: रिपरिप, बेडूक, लांबून कंपनीच्या बसचा आवाज. तो अखंड पट्टा हातांच्या शॉटखालून तसाच वाहू दिला. चित्र बदललं तरी आवाज तोच राहिला की प्रेक्षक जागा बदलली असं मानत नाही. घमेल्याचं खाचर झालं त्यात चादरीचा वाटा अर्धा, बेडकांचा अर्धा.

कव्हरेज नसणं आणि न घेणं

या काळात एका मित्राने मला चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'चा दाखला दिला. "त्यात कुठे क्लोजअप आहेत? तुझा लांब टेक तसाच ठेव, जास्त कलात्मक दिसेल." हा युक्तिवाद बरेच जण करतात म्हणून त्यावर थोडं थांबतो.

'कोर्ट'मध्ये कॅमेरा लांब आणि बहुतेक स्थिर असतो. कोर्टाचं काम संपतं, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात आणि आपण रिकाम्या खोलीकडे बघत राहतो. इथे क्लोजअप नसणं हे विधान आहे. न्यायव्यवस्था माणसाकडे ज्या अंतरावरून बघते, त्याच अंतरावर आपल्यालाही बसवलंय. पण याची किंमत असते. असा शॉट बिघडला तर मधे कापायला काहीच नसतं. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करावा लागतो. म्हणजे कव्हरेजचे पैसे वाचत नाहीत, ते टेकमध्ये मोजावे लागतात. ज्याने कोन घेतले त्याने कोनात मोजले, ज्याने एकच शॉट घेतला त्याने टेकमध्ये मोजले. आम्ही पावसाला घाबरून दोन्हीकडे मोजलं नाही. त्याला शैली म्हणणं खोटं झालं असतं. फरक ओळखायचा तर एक प्रश्न पुरतो: सगळे कोन हातात असते तरी हा शॉट असाच ठेवला असता का? 'कोर्ट'बद्दल उत्तर हो असं येतं. आमच्याबद्दल नाही.

पाचवं कार्ड

पाच पिकअपपैकी चार बसले. पाचवा शेवटच्या सीनसाठी होता. भांडणानंतर मुलगा निघून जातो आणि बाप एकटा शेताकडे बघतो. चाचणी प्रेक्षक तिथे विचारत होते, "पण म्हातारा विकतोय का?" मला वाटलं, बापाचा चेहरा जवळून नाही म्हणून हा प्रश्न येतोय. ऑक्टोबरात आम्ही तो घेतला. मागे फक्त आभाळ ठेवलं, म्हणजे पिवळं भात दिसायला नको. सुंदर शॉट होता. तात्यांच्या डोळ्यांत खरंच काहीतरी होतं. फिल्ममध्ये टाकला, दाखवला, आणि पुन्हा तोच प्रश्न आला.

मग एडिटरने जुनी काळी कार्ड असलेली आवृत्ती उघडली. पहिल्या चार कार्डांवर काय लिहिलं होतं? 'पावतीवर बापाची सही आहे.' 'बापाने ऐकलं, पण उत्तर देणार नाही.' प्रत्येक वाक्यात एक माहिती होती आणि कार्ड वाचून नव्या प्रेक्षकांचे ते चार प्रश्न संपले होते. पाचव्या कार्डावर मी लिहिलं होतं: 'आबा एकटे शेताकडे बघतात.' यात काय दिसेल ते आहे, काय कळेल ते नाही. आणि ते कार्ड बघूनही दोघांनी 'का विकतोय' हे विचारलं होतंच. आमच्या वहीत ते नोंदलेलंही होतं. आम्ही दुर्लक्ष केलं, कारण शॉट घ्यायची हौस होती.

माझ्या मते पिकअप आणि रीशूट यांच्यातली रेघ इथे आहे. ज्या भोकाचं उत्तर एका वाक्यात कार्डावर लिहिता येतं आणि ते वाचून प्रेक्षकाचा प्रश्न संपतो, ते कव्हरेजचं भोक. त्याला घमेलं पुरतं. कार्ड लिहितानाच पेन अडखळलं, किंवा कार्ड वाचूनही प्रश्न उरला, तर भोक स्क्रिप्टमध्ये आहे. बाप जमीन का विकतोय हे मला माहीतच नव्हतं. मी ते 'सूचक' ठेवलंय असं स्वतःला सांगत होतो.

या कसोटीलाही मर्यादा आहे. कार्डाने अर्थ तपासता येतो, ताल नाही. हात तीन सेकंद थांबावेत की पाच, हे काळ्या स्क्रीनवर कळत नाही. ते शॉट आल्यावरच कळतं. 'जॉज'मध्येही 'इथे मुंडकं येतं' असं कार्ड दाखवून कुणी दचकलं नसतं. पण तिथे काय हवंय हे स्पीलबर्गला एका वाक्यात सांगता येत होतं.

'तुंबाड' दुसऱ्यांदा बघताना मी हाच निकष लावत होतो. सिनेमा सुरू होताच विनायकच्या आवाजात पांडुरंगला समृद्धीच्या देवीची आणि हस्तरची गोष्ट सांगितली जाते. सगळे नियम नाहीत, पण लोभ कुठून आला ते कळतं. पुढे पिठाची बाहुली येते, मुद्रा येतात, आणि 'हा माणूस परत परत खाली का उतरतोय' हा प्रश्न एकदाही पडत नाही. जे लपवलंय ते कसं आहे, का आहे ते नाही. शूट एवढ्या वर्षांत विखुरलेलं असूनही शेवटच्या रीळापर्यंत मला जोड सापडले नाहीत. आभाळ सगळीकडे सारखंच भरलेलं आहे. पण सांधे नीट बसले म्हणून हा सिनेमा उभा नाही. माणसाचं 'का' पक्कं आहे, म्हणून सांधे शोधायला फुरसत मिळत नाही. ते 'का' पिकअपने आणता येत नाही. २०१२चं फुटेज समोर ठेवून पुन्हा लिहायला बसणं मला म्हणूनच सगळ्यात अचूक समीक्षा वाटते.

आमच्याकडे पुन्हा लिहिण्याइतका वेळ नव्हता, मित्र बंगळुरूला होता, आणि खरं सांगायचं तर उत्तरही नव्हतं. आम्ही शेवटचा सीन काढून टाकला. तात्यांचा तो सुंदर शॉट हार्डडिस्कवर पडून आहे. 'विसार' आता तेरा मिनिटांची आहे आणि बांधावर संपते. मुलगा विचारतो, हात थांबतात, हात पुन्हा सुरू होतात. का विकतोय हे कळत नाहीच, पण आता निदान फिल्म ते माहीत असल्याचा आव आणत नाही. चांगल्या फिल्ममध्ये ते कळलं असतं.

दिवाळीत तात्यांना ओसरीत टीव्हीवर दाखवली. हातांचा शॉट आला तसे ते पुढे वाकले.

"हे आपलं खाचर नव्हं."

मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला माहितीये म्हणून. घमेलं तुम्हीच भरलंत ना."

"त्यानं नव्हं. हितं पाणी हलत न्हाई बघ. खाचरातलं पाणी वरच्या बांधावरनं येतं, जरा तरी सरकतं."

एडिटरने लगेच फोन काढला आणि पुढच्या वेळच्या यादीत लिहिलं: जुळवायचं, पाण्याचा ओढा.